आवक क्रमांक, पुढची तारीख आणि प्रतीक्षाधीन गठ्ठा

प्रश्न: नेरुळमध्ये आमच्या सोसायटीच्या गेटासमोर पावसाळी गटाराचं झाकण तुटलंय. चार महिन्यांत विभाग कार्यालयाला सहा पत्रं दिली, दोन ईमेल केले. पोच आहे, उत्तर नाही. फोन केला की "बघतो" म्हणतात. वर कुणाकडे आणि किती दिवसांनी जायचं? नोंद नेमकी कशी ठेवायची? मी सेक्रेटरी आहे, नोकरी सांभाळून हे करतो.

उत्तर:

मी सव्वीस वर्षं ठाण्यातल्या एका कार्यालयात कारकून होतो. त्यातली नऊ वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढली. तुमच्यासारखी पत्रं मीच शिक्का मारून आत पाठवायचो, म्हणून आधी ती आत गेल्यावर त्यांचं काय होतं ते सांगतो. वेळापत्रक कसं लावायचं ते त्यावरूनच ठरतं.

पत्र आलं की आवक नोंदवहीत क्रमांक पडतो, साहेब ते कुणाच्या तरी नावावर मार्क करतात आणि त्या कारकुनाच्या कार्यविवरण नोंदवहीत ते चढतं. त्याच्या टेबलावर कागदांचे सहा गठ्ठे असतात. त्यातला एक प्रलंबित प्रकरणांचा असतो, म्हणजे ज्यावर अजून काहीच झालेलं नाही असे कागद. दुसरा प्रतीक्षाधीन प्रकरणांचा. कारकुनानं दुसऱ्या कार्यालयाला किंवा ठेकेदाराला एक पत्र टाकलं की प्रकरण प्रलंबितमधून उठतं आणि प्रतीक्षाधीनमध्ये जातं. महिन्याच्या गोषवाऱ्यात साहेब पहिल्यांदा प्रलंबितचा आकडा विचारतात, प्रतीक्षाधीनमध्ये डोकवायला कुणाला सवड नसते. माझ्याच टेबलावर एक अर्ज तसा आठ महिने पडून होता. काम झालं नव्हतं, पण कागदोपत्री आमची बाजू स्वच्छ होती.

पाठपुराव्याचं खरं काम तुमचा कागद त्या गठ्ठ्यातून पुन्हा बाहेर काढणं हे आहे. तुमच्या सहा पत्रांनी ते झालं नाही, कारण माझा अंदाज असा की प्रत्येक पत्र तुम्ही नव्यानं लिहिलंत. "विषय: गटाराच्या झाकणाबाबत", खाली पुन्हा सगळी हकीकत. आवकच्या दृष्टीनं ते सहा वेगवेगळे अर्ज झाले. त्यांना सहा क्रमांक पडले, कदाचित तीन वेगळ्या टेबलांवर मार्क झाले, आणि एखाद्यावर "दप्तरी दाखल" असा शेराही बसला असेल. दप्तरी दाखल म्हणजे कार्यवाही न करता नस्तीला, म्हणजे फाइलला, लावलेला कागद. बाहेरच्या माणसाला वाटतं सहा वेळा दार ठोठावलं, पण आतल्या माणसाला सहा वेगळ्या दारांवर एकेक टकटक ऐकू आलेली असते.

म्हणून पहिलं काम असं. सहापैकी सगळ्यात जुनं, स्पष्ट शिक्का असलेलं पत्र निवडा आणि त्याच्या आवक क्रमांकाला मूळ क्रमांक माना. इथून पुढच्या प्रत्येक कागदावर विषयाच्या खाली "संदर्भ: आपल्या कार्यालयाचा आवक क्र. अमुक, दिनांक अमुक" ही ओळ आली पाहिजे आणि त्या पत्राची झेरॉक्स सोबत लागली पाहिजे. बाकीची पाच पत्रं त्याच संदर्भात एका ओळीत मावतात. हकीकत पुन्हा सांगू नका. लांब पत्र वाचलं जात नाही, संदर्भ असलेलं पत्र मात्र जुन्या नस्तीला जोडावंच लागतं.

आता पोच. नुसता गोल शिक्का म्हणजे पोच नव्हे. तारीख, क्रमांक आणि घेणाऱ्याची सही, तिन्ही हवेत. "क्रमांक नंतर पडेल" असं म्हणाले तर दोन दिवसांनी जाऊन तो लिहून आणायचा. तेव्हाच विचारायचं की पत्र कुणाच्या टेबलावर मार्क झालं. हा प्रश्न नव्वद टक्के लोक विचारत नाहीत आणि मग महिनाभर चुकीच्या माणसाला फोन करत बसतात. पत्राच्या शेवटी "सोबत: फोटो २, नकाशा १, एकूण ३ पानं" असं लिहा, म्हणजे पुढे "फोटो जोडलेच नव्हते" हे उत्तर येत नाही. ईमेलवर फार विसंबू नका. कुणी तो छापून आवकला दिल्याशिवाय त्याला क्रमांक पडत नाही, त्यामुळे ईमेल केलात तरी कागद द्याच. ऑनलाइन तक्रारीचा टोकन क्रमांक आणि कार्यालयाचा आवक क्रमांक हे दोन वेगळे असतात, दोन्ही नोंदवा. स्पीड पोस्टनं पाठवलंत तर पोहोचल्याच्या ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट त्याच आठवड्यात काढून ठेवा, ती नोंद तिथे कायम दिसत नाही.

नोंदवहीसाठी वही चालते, पण नोकरी सांभाळून करायचं असेल तर मोबाइलवर उघडणारी शीट बरी. प्रत्येक कागदाला एक ओळ. रकान्यांत पत्राची तारीख, आवकची तारीख, आवक किंवा टोकन क्रमांक, कुणाला दिलं, एका वाक्यात नेमकी मागणी, किती दिवस द्यायचे आणि पुढचं पाऊल कधी, एवढं पुरे. शेवटी आणखी एक रकाना ठेवा, "माझी शेवटची तारीख". तो का, ते पुढे येईल. आवकची तारीख B मध्ये, दिवस F मध्ये आणि पुढची तारीख G मध्ये असेल तर सूत्रं एवढीच:

```
G2:  =B2+F2
I2:  =IF(TODAY()>G2,"पाऊल उचला","थांबा")
```

कामाचे दिवस मोजायचे असतील तिथे G मध्ये `=WORKDAY(B2,F2)` घाला, म्हणजे शनिवार-रविवार आपोआप गळतात. मुदत मोजायची ती आवकच्या तारखेपासून. पत्रावर तुम्ही १ तारीख घातली आणि दिलं ५ तारखेला, तर त्यांचं घड्याळ ५ तारखेला सुरू होतं. हे चार दिवस लोक स्वतःच्या बाजूनं मोजतात आणि मग वरच्या अधिकाऱ्यासमोर "मुदत संपलीच नव्हती" हे ऐकून परत येतात.

फोनही नोंदवा. तारीख, वेळ, हुद्दा आणि काय सांगितलं ते. "बघतो" हे उत्तर नोंदीत घेऊ नका, "साहेब, कोणत्या तारखेपर्यंत?" एवढं विचारा. तारीख मिळाली तर पुढचं पाऊल त्या तारखेपर्यंत लांबवा, पण एकदाच. माझा हा नियम पक्का आहे, एका पायरीवर एकच मुदतवाढ. दुसऱ्यांदा सवलत दिलीत की वेळापत्रक तुमच्या हातात राहत नाही.

दिवस किती द्यायचे ते कामावर अवलंबून आहे. तुमच्या तक्रारीत खरं तर दोन मागण्या आहेत आणि त्या दोन ओळींत टाकायला हव्या होत्या. उघड्या गटाराभोवती बॅरिकेड लावणं ही धोक्याची बाब आहे, तिला एक दिवस द्यायचा. दुसऱ्या दिवशी बॅरिकेड नसेल तर विभाग अधिकाऱ्यांना थेट भेटायचं आणि मुख्यालयाच्या आपत्कालीन कक्षात तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यायचा. झाकण बदलणं ही दुरुस्ती, तिला सात कामाचे दिवस. दोन्ही एकाच पत्रात, एकाच मुदतीत घातल्या की धोक्याची बाबसुद्धा दुरुस्तीच्या चालीनं चालते. उलटही होतं. कोपऱ्यापर्यंतचं अख्खं गटार खचलं असेल तर त्याला अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी आणि निविदा लागते. तिथे सात दिवसांनी वर गेलात तर वरचा अधिकारी खालच्याचीच बाजू घेईल, आणि ती बरोबरही असेल. अशा वेळी "काम करा" अशी मागणी न करता "अंदाजपत्रक कोणत्या तारखेला सादर केलं" असं विचारायचं आणि तीस-पंचेचाळीस दिवसांचं अंतर ठेवायचं. एक झाकण मात्र वार्षिक देखभालीच्या ठेक्यात बसतं, त्याला निविदेची सबब चालत नाही.

आता एक पूर्ण वेळापत्रक मांडतो. २०२५चं कॅलेंडर घेतो, म्हणजे वार आणि सुट्ट्या खऱ्या दिसतील.

समजा मूळ पत्र सोमवार, २ जूनला विभाग कार्यालयात आवक झालं. सात कामाचे दिवस बुधवारी, ११ जूनला संपतात. १२ जूनला स्मरणपत्र. ते विभाग अधिकाऱ्यांच्या नावे आणि प्रत कार्यकारी अभियंत्यांना. प्रत म्हणजे खाली नुसतं "प्रत माहितीस्तव" लिहिणं नव्हे. त्यांच्या कार्यालयात वेगळी द्यायची आणि तिथला वेगळा आवक क्रमांक घ्यायचा, कारण उद्या ती त्यांची स्वतःची नोंद असते. या पायरीला मी चौदा दिवस देतो, म्हणजे गुरुवार, २६ जूनपर्यंत. दुसरं स्मरणपत्र मी लिहीत नाही. स्मरणपत्रानं मुदत नव्यानं सुरू होते असं समोरच्याला वाटायला लागतं, आणि हळूहळू तुम्हालाही.

२७ जूनला दोन गोष्टी एकाच दिवशी करायच्या. एक, शासनाच्या आपले सरकार तक्रार निवारण प्रणालीवर तक्रार. तिथे उत्तराची मुदत २१ दिवसांची आहे, म्हणजे १८ जुलै. तक्रारीत आधीचे दोन्ही आवक क्रमांक आणि तारखा लिहायच्या. दोन, माहिती अधिकाराचा अर्ज. त्याकडे नंतर येतो.

इथे एक गाठ आहे, जी नोंदवही नसली की हमखास नजरेतून सुटते. पुढची पायरी महापालिकेचा लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी समोर बसून तक्रारी ऐकतात तो दिवस. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. अर्ज विहित नमुन्यात, दोन प्रतींत आणि पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. ऑगस्टचा पहिला सोमवार ४ तारखेला. पंधरा दिवस मागे गेलं की २० जुलै येतो, तो रविवार. शनिवारी कार्यालय बंद धरलं तर अर्ज द्यायचा शेवटचा दिवस शुक्रवार, १८ जुलै. म्हणजे आपले सरकारची मुदत संपते तोच दिवस! "आज उत्तर येतंय का बघू, सोमवारी अर्ज देऊ" म्हणालात की ऑगस्ट गेला, थेट १ सप्टेंबर. म्हणून लोकशाही दिनाची तारीख पुढे मोजत जायची नसते, पहिल्या सोमवारपासून मागे मोजायची असते. अर्ज आठवडाभर आधीच भरून, जोडपत्रं लावून तयार ठेवा आणि १८ला सकाळी देऊन या.

लोकशाही दिनाच्या अर्जात आणखी एक खोच आहे. तिथे तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. सोसायटीच्या लेटरहेडवर "आमच्या विभागातील गटारांची दुरवस्था" असं दिलंत तर सार्वजनिक स्वरूपाची म्हणून परत येऊ शकते. तुमच्या स्वतःच्या नावे द्या. माझ्या इमारतीच्या गेटासमोरचं, अमुक सेक्टर, अमुक प्लॉटसमोरचं झाकण, आणि घरातल्या ज्येष्ठांना रोज तिथून जावं लागतं. ज्या विषयावर अंतिम उत्तर दिलं गेलंय, जो कोर्टात आहे किंवा ज्यावर माहिती अधिकाराचं अपील चाललंय अशा बाबी तिथे घेत नाहीत. म्हणून लोकशाही दिनात झाकणाबद्दल बोला, "माझ्या माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर नाही" हे तिथे काढूच नका. निवडणुकीच्या आचारसंहितेत लोकशाही दिन होत नाही, त्या महिन्यांत ही पायरी वेळापत्रकातून काढून टाका. इथेही काही झालं नाही तर त्यानंतरचा दरवाजा कोकण विभागीय आयुक्तांच्या लोकशाही दिनाचा. तो दुसऱ्या सोमवारी, बेलापूरच्या कोकण भवनात असतो. तुम्ही नेरुळचे, दोन स्टेशनांचा प्रवास. सिंधुदुर्गाहून येणाऱ्याला रात्रीची गाडी धरावी लागते.

आता माहिती अधिकार. त्यानं झाकण बसत नाही, पण प्रतीक्षाधीन गठ्ठा उघडतो, कारण उत्तर द्यायला नस्ती हातात घ्यावीच लागते. अर्ज स्वतःच्या नावे करा. हा अधिकार नागरिकाला आहे, म्हणून "सेक्रेटरी, अमुक सोसायटी" असं लिहून वादाला जागा देऊ नका. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. "काम का झालं नाही?" असं विचारू नका. "का"ला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही, कारण जे कागदावर आहे तेवढंच मागता येतं. असं मागा: आवक क्र. अमुक, दि. २ जून २०२५ या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीचा दिनांकनिहाय तपशील, तो अर्ज ज्या अधिकाऱ्यांकडे व कर्मचाऱ्यांकडे गेला त्यांचे हुद्दे व प्रत्येकाकडे तो किती दिवस होता ते दाखवणारी कार्यविवरण नोंदवहीतील नोंद, आणि नस्तीतील टिपणीची प्रत. "कार्यविवरण नोंदवही" हा शब्द वाचला की आतल्या माणसाला कळतं की समोरच्याला गठ्ठे माहीत आहेत.

माझी शेवटची तारीख हा रकाना यासाठीच हवा. आत्तापर्यंतच्या मुदती त्यांच्यासाठी होत्या, त्या चुकल्या तर तुमचं नुकसान नाही. अपिलाची मुदत तुमच्यासाठी असते. २७ जूनच्या अर्जाला तीस दिवस, म्हणजे २७ जुलै. त्या दिवसापर्यंत उत्तर नाही म्हणजे कायद्यानं नकारच धरला जातो, आणि तिथून तीस दिवसांत पहिलं अपील. म्हणजे २६ ऑगस्ट. २०२५ला २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. अर्धी नवी मुंबई २६ तारखेला कोकणच्या गाडीत बसलेली असते, आणि असली शेवटची तारीख तिथेच निसटते. म्हणून अपील २८ जुलैलाच, वीस रुपयांचं स्टॅम्प लावून. पहिल्या अपिलाचा निर्णय तीस दिवसांत, कारणं नोंदवून फार तर पंचेचाळीस दिवसांत व्हायला हवा. तोही झाला नाही तर नव्वद दिवसांत दुसरं अपील, तुमच्यासाठी राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे. हे नव्वद दिवस पंचेचाळिसाव्या दिवसापासून मोजायचे की तिसाव्या, यावर डोकं खपवू नका. तिसाव्यापासून मोजा, म्हणजे २७ ऑगस्टपासून. शेवटची तारीख २५ नोव्हेंबर येते आणि कुठल्याही हिशेबात तुम्ही मुदतीतच राहता.

आता वेळापत्रक बिघडवणारी दोन उत्तरं. पहिलं म्हणजे "सदर बाब आमच्या अखत्यारीत नाही". नवी मुंबईत हे उत्तर सारखं येतं आणि पुष्कळदा खरंही असतं. सेक्टरमधला रस्ता महापालिकेचा, टीटीसी औद्योगिक पट्ट्यातला एमआयडीसीचा, काही जागा अजून सिडकोकडे, सायन-पनवेल महामार्ग सार्वजनिक बांधकामचा. असं उत्तर आलं की जुनी ओळ बंद करून नवी उघडायची. मूळ क्रमांक तोच ठेवायचा, पण दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे, कारण नव्या कार्यालयाला तुमचं पत्र आजच कळलंय. जुन्या कार्यालयानं पत्र पुढे पाठवलं म्हणत असतील तर त्यांचा जावक क्रमांक मागून घ्या. जावक क्रमांक नसेल तर पत्र गेलेलं नाही, एवढं सरळ आहे. माहिती अधिकाराचा अर्ज असेल तर तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तुम्हाला नवा अर्ज करावा लागत नाही.

दुसरं उत्तर जास्त त्रासाचं, ऑनलाइन तक्रारीवर "निकाली" असा शेरा आणि गटार होतं तसंच. इथे लोक नवीन तक्रार टाकतात. ती टाकू नका, साखळी तुटते. "निकाली"चा स्क्रीनशॉट घ्या, त्याच दिवशी मागे सोसायटीच्या नावाची पाटी दिसेल असा जागेचा फोटो काढा, आणि दोन्ही जोडून थेट वरच्या पायरीवर जा. उत्तर न मिळणं आणि खोटं उत्तर मिळणं या दोन ओळींची वाट वेगळी आहे. पहिल्यात दिवस संपेपर्यंत थांबायचं, दुसऱ्यात थांबण्यासारखं काही उरलेलंच नसतं. शेऱ्यात "ठेकेदारास कळविले" असं असेल तर ते निकाली नव्हेच. कागद प्रतीक्षाधीनमध्ये गेलाय, इतकाच त्याचा अर्थ. ठेकेदाराला दिलेल्या पत्राचा जावक क्रमांक मागा.

तुमच्या बाबतीत चार महिने गेलेच आहेत, म्हणून पहिल्या दोन पायऱ्यांवर पुन्हा वेळ घालवू नका. या आठवड्यात एका सकाळी विभाग कार्यालयात जाऊन सहाही पत्रं कुठे मार्क झाली ते लिहून आणा. बॅरिकेडची मागणी त्याच दिवशी वेगळ्या कागदावर द्या. कार्यकारी अभियंत्यांना मूळ क्रमांकाच्या संदर्भानं एक पानाचं पत्र द्या आणि त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज करा. मग कॅलेंडर उघडून येत्या पहिल्या सोमवारपासून पंधरा दिवस मागे मोजा. ती तारीख निघून गेली असेल तर त्याच्या पुढच्या महिन्याचा सोमवार धरा आणि मधले दिवस आपले सरकारच्या २१ दिवसांना द्या. झाकण बसलं तरी ओळ लगेच बंद करू नका, त्यावरून कचऱ्याची गाडी एकदा जाऊ द्या.